एक पाय मोठा, एक लहान: कोणत्या पायाचा बूट घ्यायचा आणि माप संध्याकाळीच का?

चपलांच्या दुकानात नेहमी दिसणारं दृश्य आहे. मुलगा खोका उघडतो, आतला एकच बूट काढून आपल्यासमोर ठेवतो, बहुतेक वेळा उजवा. आपण पाय घालतो, अंगठ्याजागी दाबून बघतो, दोन पावलं टाकतो आणि "चालेल" म्हणतो. दुसरा बूट खोक्यातून बाहेर निघतो तो थेट घरी. आणि मग आठवड्याभरात एकाच पायाला फोड येतो, किंवा एकाच अंगठ्याचं नख काळं पडतं, आणि दोष बुटाच्या कातड्यावर, कंपनीवर, नाही तर "नवीन आहे, सैल होईल" या आशेवर ढकलला जातो.

माझ्या धाकट्या भावाचं नेमकं असंच व्हायचं. तो औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास उभाच. कॉलेजपासून त्याचा नंबर सात. सात म्हणजे सात, त्यात चर्चा नाही. दरवर्षी उजव्या अंगठ्याचं नख काळं व्हायचं, आणि डाव्या पायाच्या करंगळीवर कुरूप धरायचं. दोन पायांना दोन वेगळ्या तक्रारी. आपले दोन पाय सारखे नाहीत ही शंका त्याला तिथूनच यायला हवी होती. शेवटी एका संध्याकाळी आम्ही कागद, पुठ्ठ्याचा खोका आणि शिंप्याची टेप घेऊन बसलो. खाली दिलेली पद्धत तीच आहे, आणि आकडे त्याचेच आहेत.

दोन्ही पाय मिलिमीटरपर्यंत सारखे असणारी माणसं थोडी. बहुतेकांच्या पायांत दोन-चार मिलिमीटरचा फरक असतोच आणि तो जाणवतही नाही. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे गेला की बूट बोलायला लागतो.

संध्याकाळ का

दिवसभर उभं राहिलं, बसलं, चाललं की शरीरातलं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतं. पायाच्या शिरांमधला दाब वाढतो आणि थोडं पाणी शिरांबाहेर, आजूबाजूच्या मांसात झिरपतं. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि रक्त वर ढकलतात, म्हणून चालणाऱ्यापेक्षा एका जागी उभं राहणाऱ्याचा पाय जास्त जड होतो. गल्ल्यावरचा माणूस, शिक्षक, नर्स, केशकर्तनालयातला कारागीर, दिवसभर ओट्यापाशी असणारी बाई, या सगळ्यांना हे संध्याकाळी मोज्याची रेघ पोटरीवर उमटते त्यावरून ठाऊक असतं. रात्री आडवं झालं की ते पाणी परत फिरतं, आणि सकाळी पाय पुन्हा सडपातळ.

सकाळी दहाला दुकानात जाऊन घेतलेला बूट म्हणूनच त्या सडपातळ पायाचा असतो. तो संध्याकाळी सहाला दाबायला लागतो. उलट संध्याकाळच्या पायाला बरोबर बसलेला बूट सकाळी किंचित मोकळा वाटतो, पण तो मोकळेपणा नाडी आवळून घेता येतो. दाबणाऱ्या बुटाला मात्र कुठलाच इलाज नाही. संध्याकाळी मोजायचं कारण एवढंच.

यात एक घोटाळा नेहमी होतो. बसून मोजलेला पाय आणि उभं राहून मोजलेला पाय यांतला फरक हा वेगळा विषय आहे. वजन पडलं की तळव्याची कमान थोडी खाली बसते, पाय लांबतो आणि चवडा पसरतो, मग ती सकाळ असो की संध्याकाळ. तेव्हा दोन्ही अटी पाळायच्या: वेळ संध्याकाळची, आणि माप उभ्याने.

संध्याकाळ म्हणजे साधारण सहानंतर, नेहमीसारखा दिवस गेल्यावर. बारा तासांच्या बसप्रवासानंतर, विमानातून उतरल्यावर, तापात किंवा पाय मुरगळलेला असताना मोजू नका, कारण ती सूज रोजची नसते. पळायचे बूट घ्यायचे असतील आणि तुम्ही सकाळी पळत असाल तरी माप संध्याकाळचंच घ्या. पळतानाही पाय फुगतो आणि प्रत्येक पावलाला पुढे सरकतो.

मोजायची तयारी

ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब असतो, बहुतेकांचा पाय त्यात बसतो. असे दोन कागद, एक टोकदार पेन्सिल, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, काटकोनात उभा राहणारा एखादा खोका किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, शिंप्याची टेप, आणि मदतीला एक माणूस. या सगळ्यात माणूस सर्वांत महत्त्वाचा. स्वतः वाकून खूण केली की वजन पुढे सरकतं, टाच भिंतीपासून सुटते आणि माप चुकतं.

ज्या बुटासाठी मोजताय त्यासोबत जे मोजे घालणार तेच घाला. पातळ ऑफिसचे मोजे आणि जाड खेळाचे मोजे यांत मिलिमीटरभर फरक सहज पडतो.

टाच टेकवायला भिंत घेताना जरा बघून घ्या. आपल्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या तळाशी टाइलची पट्टी असते आणि जमिनीशी तिच्या सांध्यात सिमेंट भरलेलं असतं, त्यामुळे कागद पुरता आत जात नाही. त्यापेक्षा लाकडी कपाटाची बाजू किंवा बंद दार बरं. कागदाची कड त्याला घट्ट भिडवा आणि चिकटपट्टीने फरशीवर चिकटवा.

लांबी

१. टाच कपाटाला हलकी टेकवून कागदावर उभे राहा. रेटू नका. दुसरा पाय शेजारी, दोन्हींवर सारखं वजन, नजर समोर.

२. मदतीच्या माणसाने खोका पुढून सरकवत आणायचा आणि सर्वांत पुढच्या बोटाला अलगद टेकवायचा. सर्वांत पुढचं बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट पुढे असतं. कधी कधी तर एका पायाला अंगठा पुढे आणि दुसऱ्याला दुसरं बोट, असंही निघतं.

३. खोक्याच्या तळाशी रेघ मारायची. कागदाच्या कडेपासून त्या रेघेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची लांबी.

४. पाय उचला, दोन पावलं चाला, पुन्हा उभे राहा, पुन्हा मोजा. प्रत्येक पायाचं तीनदा माप घ्या. तिन्ही आकडे दोन मिलिमीटरच्या आत यायला हवेत. एखादा फटकून आला तर तो टाका आणि पुन्हा मोजा.

पायाभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, पण लांबीसाठी तिच्यावर विसंबू नका. पेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. ती अगदी सरळ धरली तरी रेघ पायापासून साडेतीन मिलिमीटर बाहेर पडते, आणि आत झुकवली तर पायाखाली शिरते. उजव्या पायाला सरळ आणि डाव्याला झुकवून धरली, तर नसलेला फरक कागदावर उमटतो. दोन पायांची तुलनाच करायची आहे, तेव्हा ही चूक परवडत नाही. आकृती जरूर काढा, पण ती पायाचा आकार समजायला, म्हणजे बोटं गोलाकार आहेत की टोकदार, करंगळी बाहेर फुटते का, हे बघायला.

घेर

नवखी माणसं लांबी मोजून थांबतात, आणि माझ्या भावाच्या करंगळीचं कोडं मात्र इथे सुटलं. अंगठ्याच्या मुळाशी पायाच्या आतल्या कडेला एक हाड बाहेर येतं आणि करंगळीच्या मुळाशी बाहेरच्या कडेला दुसरं. चालताना पाय याच दोन हाडांच्या रेषेत वाकतो. शिंप्याची टेप तळव्याखालून घालून या दोन हाडांवरून फिरवा आणि वर जुळवा. ही रेषा थोडी तिरकी असते, अंगठ्याकडे पुढे आणि करंगळीकडे मागे, तेव्हा टेपही तिरकीच राहू द्या. उभ्यानेच मोजा. टेप कातडीला लागेल इतकीच, आवळायची नाही.

भावाचे आकडे असे आले. सकाळी, कामावर जायच्या आधी: डावा २५४ मिलिमीटर, उजवा २५९. संध्याकाळी, कामावरून आल्यावर: डावा २५६, उजवा २६२. संध्याकाळचा घेर: डावा २४८, उजवा २४४.

म्हणजे उजवा पाय सहा मिलिमीटरने लांब, पण डावा चार मिलिमीटरने जाड. नख काळं व्हायचं ते उजव्याचं, कारण तो पुढे आपटायचा. कुरूप व्हायचं ते डाव्याला, कारण तो बाजूने चेपायचा. एकाच नंबर सातच्या दोन बुटांत दोन निरनिराळ्या अडचणी होत्या.

उजवखोऱ्या माणसाचा उजवाच पाय मोठा असणार असं पुष्कळजण धरून चालतात. तसा नियम नाही. मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

आकड्यावरून नंबर

आपल्याकडच्या बुटांवर जो सहा, सात, आठ असतो तो ब्रिटिश नंबर. त्याची एक पायरी म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे साडेआठ मिलिमीटर. जुन्या काळी तिथे जवाच्या दाण्यांवर मोजायचे आणि तीन दाण्यांचा एक इंच धरायचे, त्यातून ही पायरी आली. मराठीत आपण "जवभर फरक" म्हणतो तो नगण्य या अर्थी, पण बुटात तो जवभर म्हणजे पुरा एक नंबर. अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार मिलिमीटर. युरोपियन नंबर, चाळीस-एक्केचाळीसवाला, सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने वाढतो, म्हणजे सुमारे पावणेसात मिलिमीटरने.

ब्रिटिश नंबर पायाचा नसून फर्म्याचा असतो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा तो ठोकळा, ज्यावर बूट ताणून घडवतात. फर्म्याची लांबी इंचात घ्यायची, तिची तिप्पट करायची आणि त्यातून २५ वजा करायचे, की मोठ्यांचा नंबर येतो. उलट हिशेब केला तर सात नंबरचा फर्मा सुमारे २७१ मिलिमीटर, साडेसातचा २७५ आणि आठचा २७९. पुढून बंद असलेल्या बुटात पायाच्या पुढे साधारण दहा ते पंधरा मिलिमीटर मोकळे हवेत. टोकदार बुटात जास्त, कारण निमुळत्या टोकात बोटं शिरतच नाहीत.

आता भावाचा हिशेब मांडून बघा. सात नंबरमध्ये डाव्या पायापुढे पंधरा मिलिमीटर उरतात, उत्तम. उजव्यापुढे मात्र जेमतेम नऊ. जिना उतरताना पाय पुढे घसरला की नख आपटणारच. साडेसातमध्ये उजव्यापुढे तेरा, डाव्यापुढे एकोणीस. आठमध्ये उजव्यापुढे सतरा, डाव्यापुढे तेवीस. कागदावर साडेसात सर्वांत बरा.

हे गणित दुकानात जायच्या आधीचा अंदाज म्हणून वापरा. प्रत्येक कंपनीचा फर्मा वेगळा असतो आणि तोच नंबर दोन कंपन्यांत वेगळा बसतो. ऑनलाइन मागवताना तक्त्यात दिलेली लांबी पायाची आहे की आतल्या सोलची, हे आधी वाचा. सोलची असेल तर तुमच्या पायापेक्षा ती दहा-बारा मिलिमीटर जास्त हवी. पायाची असेल तर मोकळी जागा त्यांनी आधीच धरलेली आहे, तुम्ही आणखी मिळवू नका. या एका गैरसमजामुळे पुष्कळ खोकी परत जातात.

काही दुकानांत धातूची सरकत्या पट्ट्यांची पाटी असते. अमेरिकेत सिरॅक्यूजच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी १९२०च्या दशकात ती तयार केली आणि त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. ती टाचेपासून बोटापर्यंत मोजते, शिवाय टाचेपासून अंगठ्यामागच्या हाडापर्यंतही मोजते. दोन आकडे वेगळे आले तर मोठा धरायचा. तुमच्या दुकानात ती असेल तर दोन्ही पाय त्यावर ठेवायला सांगा, आणि तिच्यावरचे नंबर अमेरिकन आहेत की ब्रिटिश ते विचारा.

मग कोणता पाय धरायचा

लांब पाय धरायचा. कारण साधं आहे. कातडं रुंदीत ताणतं, लांबीत ताणत नाही. टाचेपाशी कडक वाटी असते, पुढे बोटांवर कडक कवच असतं, खाली सोल असतो. या तिघांच्या मधलं अंतर वापरून वाढत नाही. आखूड बूट वर्षभरानंतरही आखूडच राहतो. मोठ्या बुटातली जास्तीची जागा मात्र भरून काढता येते.

लहान पाय धरून घेतला तर मोठ्या पायाची बोटं आत दुमडतात, नखं मांसात शिरतात, आणि ते दुखणं बूट टाकून दिल्यावरही काही महिने सोबत राहतं. दोघांच्या मधला आकार घेतला तर दोन्ही पाय थोडे थोडे नाखूश. मधला मार्ग इथे कामाचा नाही.

लांब आणि जाड पाय एकच असेल तर प्रश्न सुटला. पण भावासारखं असलं, एक लांब आणि दुसरा जाड, तर आधी लांबी लांब पायाला लावायची आणि मग जाड पायासाठी रुंदी शोधायची. नंबर वाढला की बूट थोडा रुंदही होतो, त्यामुळे अर्धं काम आपोआप होतं. तेवढ्याने भागलं नाही तर रुंद फर्म्याचा बूट मागा, किंवा खऱ्या कातड्याचा असेल तर फक्त तो एक बूट मोच्याकडून फर्म्यावर ताणून घ्या. करंगळीपाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळे होतात. रेक्झिनचा बूट असा ताणायला देऊ नका, तो चिरतो किंवा दोन दिवसांत मूळपदावर येतो.

दुकानात

संध्याकाळीच जा, आपले मोजे घालून जा आणि पहिलं वाक्य हे बोला: "दोन्ही द्या." दोन्ही बूट घाला, दोन्हींच्या नाड्या बांधा, उभे राहा.

आतला सोल निघणारा असेल तर तो बाहेर काढून फरशीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. हा सगळ्यांत स्वच्छ पुरावा आहे, कारण डोळ्यांना दिसतो. सर्वांत पुढच्या बोटापुढे दहा-बारा मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढा सोल दिसायला हवा. बाजूला करंगळी सोलच्या बाहेर जात असेल तर तो बूट तिला चेपणार. आम्ही सात नंबरच्या सोलवर भावाला उभं केलं तेव्हा उजव्या अंगठ्यापुढे जेमतेम चिमूटभर जागा होती आणि डावी करंगळी अर्धी बाहेर. इतकी वर्षं तो नंबर घातला, तो पहिल्यांदाच बोलायचा थांबला.

मग चवड्यांवर उभे राहा आणि बूट कुठे वाकतो ते कोणाला तरी बघायला सांगा. घडी अंगठ्यामागच्या हाडाच्या रेषेतच पडली पाहिजे. ती बोटांवर पडत असेल तर तो बूट त्या पायाला फार लांब आहे, कितीही भर घातली तरी पाय चुकीच्या जागी वाकेल आणि टोक अडखळेल. लहान पायासाठी बूट किती मोठा चालेल याची हद्द हीच.

शेवटी जिना. दुकानात असेल तर उतरा, नसेल तर पायरीवरून दोन-तीनदा खाली या. उतरताना मोठ्या पायाचं बोट पुढे लागता कामा नये. चढताना लहान पायाची टाच थोडी सुटेल, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत ते चालतं. त्याहून जास्त सुटत असेल तर त्या पायाला फोड येणार. मोठ्या पायाचीही टाच तेवढीच सुटत असेल, तर बूटच मोठा आहे.

त्या दुकानात अर्धे नंबर नव्हते. सात आणि आठ, एवढेच. भावाने आठ घेतला. उजवा छान बसला. डाव्याची घडी किंचित पुढे, पण हाडापासून फार नाही. टाच मात्र चांगलीच सुटत होती.

लहान पायाची जागा भरणं

भर फक्त लहान पायाच्या बुटात घालायची. दोन्हींत घातली तर मोठ्या पायाची जागा जाते आणि आपण पुन्हा होतो तिथेच. भर घालायचा क्रमही ठरलेला ठेवा, म्हणजे थोडक्यात भागलं तर पुढे जायला नको.

आधी नाडी. बुटाला घोट्यापाशी एक जादा भोक असतं, ते बहुतेकांनी कधी वापरलेलं नसतं. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या भोकातून घालून लहान फास ठेवा, दोन्ही बाजूंना तसंच करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओवून खाली ओढा आणि गाठ मारा. टाच मागे दाबली जाते. हे फक्त लहान पायाला करा, मोठ्याची नाडी नेहमीसारखीच.

त्याने भागलं नाही तर बुटाच्या जिभेखाली नमद्याची किंवा फोमची दोन-तीन मिलिमीटरची गादी चिकटवा. ती पायाला वरून आणि मागे ढकलते, त्यामुळे टाच वाटीत बसते आणि बोटांची जागाही जात नाही. माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माहीत असलेला उपाय हा. पायाची वरची बाजू उंच असेल तर मात्र ही गादी तिथे टोचते, तेव्हा तासभर घरी घालून बघा.

तिसरा उपाय अर्धा सोल, फक्त चवड्याखाली. चौथा पूर्ण पातळ सोल. तो सगळीकडून जागा खातो, म्हणून जाड पायाच्या बुटात टाळा. भावाचा डावा पाय आखूड असला तरी जाड, त्याला हा सोल घातला असता तर करंगळी पुन्हा चेपली असती.

टाचेमागे चिकटवायच्या गाद्या बाजारात सर्रास मिळतात. त्या पायाला पुढे ढकलतात. पुढे खरंच जास्त जागा असेल तर ठीक, नाही तर बोटं टोकाला भिडतात. आणि बुटाच्या टोकात कापूस किंवा वर्तमानपत्राचा बोळा कोंबणं अजिबात नको. तो आठवड्यात दगडासारखा होतो, टाच सुटायची ती सुटतच राहते आणि बोटं त्याच्यावर आपटतात.

भावाला नाडी आणि जिभेखालची गादी एवढ्यात जमलं. पहिले तीन दिवस त्याने बूट फक्त घरात, स्वच्छ फरशीवर, संध्याकाळी घातले. सोलला डाग नसेल तर बहुतेक दुकानं बदलून देतात, म्हणून ही मुदत वाया घालवू नका. प्रत्येक वेळी मोजे काढून पाय बघा. लाल झालेली जागा वीस-पंचवीस मिनिटांत गेली तर हरकत नाही. तशीच राहिली तर तिथे फोड येणार.

चपला आणि कोल्हापुरी

उघड्या चपलेला पुढे मोकळी जागा लागत नाही, फक्त टाच आणि बोटं तळाच्या कडेच्या आत राहायला हवीत. लहान पायाच्या टाचेमागे सेंटिमीटरभर तळ उरला तर चालताना फटफटतो, एवढंच. बंद लावता येणाऱ्या सँडलला फरक सर्वांत सहज सामावतो, एका पायाचा बंद एक भोक आत.

कोल्हापुरीची गोष्ट निराळी. तिच्यात पाय अंगठ्याच्या वादीने आणि वरच्या पट्ट्याने धरलेला असतो. हे कातडं घालून घालून पसरतं, म्हणून ती नवी असताना घट्टच घेतात. पण पसरतो तो पट्टा, तळ नाही. तेव्हा तळ लांब पायाचा, आणि पट्टा जाड पायाला आत्ता घट्ट पण सोसवेल इतका. हाताने करणाऱ्या कारागिराकडे बनवून घेत असाल तर दोन्ही पायांची आकृती द्या, प्रत्येकीवर लांबी आणि घेर लिहा, "डावा" आणि "उजवा" असं ठळक लिहा, आणि माप संध्याकाळचं आहे हेही सांगा. प्रत्येक तळ हातानेच कापला जातो, त्यामुळे दोन वेगळे तळ करून मागणं काही अवघड नाही.

हे उपाय जिथे पुरत नाहीत

फरक एका पूर्ण नंबरापेक्षा जास्त असेल, म्हणजे नऊ-दहा मिलिमीटरच्या पुढे, तर भर घालून भागत नाही, घडी चुकतेच. लहानपणी पोलिओ झालेला असेल, जन्मतः पाय वळलेला असेल, मोठं हाड मोडून जुळलेलं असेल, तर असे फरक दिसतात. तिथे दोन नंबरांचे दोन जोड घेणं किंवा मापाचे बूट करणाऱ्याकडे जाणं हाच मार्ग. दोन जोड महाग पडतात हे खरं, पण एकच मॉडेल घेतलं तर रंग-उंची जुळते.

मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर "दुखत नाही, म्हणजे बसतोय" हा निकष धरू नका. अशा पायाला बूट चावला तरी कळत नाही. सोलवर उभं राहून डोळ्यांनी बघा, आणि पहिले काही दिवस रोज रात्री तळवा आणि बोटांच्या फटी घरच्या कोणाकडून तपासून घ्या.

गरोदरपणात पाय फुगतो आणि सांध्यांचे बंधही सैल होतात, त्यामुळे बाळंतपणानंतर काहींचा पाय कायमचा थोडा लांब राहतो. जुना नंबर धरून बसू नका, काही महिन्यांनी पुन्हा मोजा.

आणि दोन पायांतला फरक अचानक आलेला असेल, एकच पाय किंवा पोटरी दोन-चार दिवसांत सुजली, दुखते, गरम लागते, तर हा बुटाचा विषयच नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तडक दवाखान्यात जा. बोटाने दाबल्यावर खड्डा राहणारी सूज दोन्ही पायांना रोज संध्याकाळी येत असेल, तर तीही आधी डॉक्टरांना दाखवा, माप नंतर.